बुटाची लेस बांधायला खाली बसा

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. पोलीस शिपाई म्हणून भरती झालो, ट्रेनिंग संपवून ठाण्यात हजर होऊन आठ महिने झाले. मैदानी चाचणीत १६०० मीटरला बॅचमध्ये पुढे होतो. साप पकडलेत, बंदोबस्तात दगड खाल्लेत. पण एप्रिलमध्ये महामार्गावरच्या एका अपघाताच्या पंचनाम्याला हवालदारसाहेबांबरोबर उभा होतो. रस्त्यावर बरंच रक्त होतं. आधी दोन-तीन जांभया आल्या, मग तोंडात पाणी सुटलं, अंगाला गार घाम फुटला, मळमळलं, आवाज लांबून आल्यासारखे वाटायला लागले आणि मी पडलो. लोक म्हणाले, हात झटकत होते, फिट असेल. कुणी कांदा हुंगवला. धरून जीपमध्ये बसवलं, तर परत डोळ्यांपुढे अंधार. शाळेत लस टोचताना आणि मुख्यालयातल्या रक्तदान शिबिरातही असंच झालं होतं. वडीलसुद्धा बोकड कापताना तिथून निघून जातात. आता ठाण्यात पोरं हसतात. मला भीती वाटत नाही हो, मग असं का होतं? हृदय कमजोर आहे का? पुढच्या महिन्यात बॉडीबरोबर पोस्टमॉर्टेमला जायची पाळी आहे. नोकरी बदलू का?

उत्तर : तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे त्या जांभया. उपचार तिथूनच सुरू होतो, पण त्याकडे नंतर येते. आधी तुमच्या मनात घट्ट बसलेली एक समजूत हलवायला हवी : चक्कर आली म्हणजे आत कुठेतरी भीती असणारच, आपण ती कबूल करत नाही एवढंच.

साप पाहिल्यावर काय होतं ते तुम्हाला अनुभवाने माहीत आहे. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हातापायांत ताकद येते. सापाला कितीही घाबरणारा माणूस असला, तरी साप बघून तो बहुधा बेशुद्ध पडत नाही, पळतो. उंचीची किंवा बंद लिफ्टची भीती असलेल्यांचंही तसंच. त्यांची नाडी वाढते, रक्तदाब वाढतो आणि वाढलेलाच राहतो. रक्त, जखम आणि सुई या तीन गोष्टींच्या बाबतीत मात्र काही लोकांचं शरीर वेगळं वागतं. सुरुवात तशीच होते, नाडी आणि दाब चढतात. मग काही सेकंदांत किंवा एक-दोन मिनिटांत सगळं उलटतं आणि दोन्ही धाडकन खाली येतात. भीतीने एवढं करता आलं असतं, तर सापानेही तुम्हाला पाडलं असतं. ज्यांना असं होतं त्यांतल्या अनेकांना विचारलं की ते सांगतात, ‘घाबरलो नव्हतो, किळस आली’, किंवा ‘काहीच वाटलं नाही, एकदम गरगरलं’. तेव्हा तुम्ही ‘भीती वाटत नाही हो’ लिहिलंत ते मला खरं वाटतं.

हे उलटणं घडवून आणणाऱ्या यंत्रणेत एका मज्जातंतूचं नाव नेहमी येतं, ते म्हणजे व्हेगस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ भटक्या. मेंदूच्या बुडातून निघून मानेतून खाली उतरतो आणि हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी असा गावोगाव फिरतो, म्हणून हे नाव. हृदयाच्या बाबतीत त्याचं काम ब्रेकचं. एरवी तो ब्रेकवर हलका पाय ठेवून असतो. तुमच्यासारख्या पळणाऱ्यांची बसल्या जागची नाडी कमी असते, त्यातही त्याचा हात असतो. रक्त पाहून पडणाऱ्यांमध्ये हा पाय अचानक जोरात दाबला जातो. नाडी चाळिसाच्या आसपास येऊ शकते, क्वचित काही सेकंद ठोकाच पडत नाही. हे वाचून घाबरू नका. ब्रेक दाबला म्हणून गाडी खराब नसते.

पण सगळा दोष व्हेगसवर टाकणंही बरोबर नाही, आणि यातच तुमच्या उपचाराची किल्ली आहे. १९३२ साली लंडनचे डॉ. थॉमस लुईस यांनी अशा चक्कर आलेल्या रुग्णाला व्हेगसचा ब्रेक सोडवणारं अॅट्रोपिन हे औषध देऊन पाहिलं. नाडी लगेच वाढली, पण माणूस पांढराफटकच राहिला आणि रक्तदाब काही वर येईना. म्हणजे हृदय मंदावणं हा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा रक्तवाहिन्यांचा. स्नायूंमधल्या आणि पोटातल्या वाहिन्यांना सतत थोडं आवळून ठेवणारे आदेश मेंदूकडून येत असतात. त्या क्षणी ते आदेश थांबतात आणि वाहिन्या सैल पडतात. माणूस उभा राहिला की तसंही अर्धा लिटर ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. आवळ सुटली की ते तिथेच साचून राहतं. हृदयाकडे परत यायला रक्तच नाही, आणि जे येतं ते पुढे ढकलायला हृदयही मंदावलेलं. या दुहेरी प्रकारासाठी लुईस यांनी रूढ केलेलं नाव आजही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतं : व्हेसोव्हेगल. ‘व्हेसो’ म्हणजे रक्तवाहिन्यांचा भाग, ‘व्हेगल’ म्हणजे व्हेगसचा.

आता तुमची लक्षणं या हिशेबात बसवून बघू.

गार घाम मला नेहमी सगळ्यांत गमतीचा वाटतो. पळून आल्यावर घाम येतो तेव्हा कातडी गरम आणि लाल असते, कारण उष्णता बाहेर टाकायला तिथल्या वाहिन्या उघडलेल्या असतात. इथे उलटं असतं. दाब पडतोय म्हटल्यावर अॅड्रिनॅलिन आणि मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून सुटणारं व्हॅसोप्रेसिन ही संप्रेरकं कातडीच्या वाहिन्या आवळून टाकतात, म्हणजे उरलेलं रक्त आतल्या कामाला मिळावं. म्हणून ओठ आणि चेहरा पांढरा. पण घामाच्या ग्रंथींना जाणारे धोक्याचे इशारे चालूच असतात, त्यामुळे थंड कातडीवर घाम सुटतो. म्हणजे एकाच वेळी शरीराच्या एका यंत्रणेने ब्रेक दाबलेला असतो आणि दुसरी भोंगा वाजवत असते. ‘नस दबली’ एवढ्यावर ज्यांचं समाधान होतं, त्यांना हा घाम समजावून सांगता येत नाही.

मळमळ पोट बिघडल्यामुळे नव्हती. व्हॅसोप्रेसिन एकदम वाढलं की मळमळतं, आणि उलटीच्या आधी लाळ सुटते तसं तोंडात पाणी येतं. शिवाय उलटीशी संबंधित मेंदूतलं ठिकाण आणि हृदयाकडून येणाऱ्या व्हेगसच्या धाग्यांचं टोक ही शेजारची गावं आहेत. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की हृदयाच्या कप्प्यांतून त्या भागाकडे जाणारे व्हेगसचे ठरावीक धागे चेतवले, की उंदराची नाडी आणि दाब पडतो आणि तो चक्कर येऊन कोसळतो. माणसात रक्त दिसल्यावर नेमकी हीच वाट वापरली जाते असं त्यातून सिद्ध होत नाही, पण मळमळ आणि चक्कर जोडीने का येतात याचा अंदाज येतो.

डोळ्यांपुढे अंधार बेशुद्धीच्या आधी येतो, त्यालाही कारण आहे. डोळ्याच्या गोलकात स्वतःचा थोडा दाब असतो, त्यामुळे आत शिरायला रक्ताला जास्त जोर लागतो. दाब घसरला की नजर मेंदूच्या काही क्षण आधी जाते. आणि मेंदूचा रक्तपुरवठा सहा ते आठ सेकंद थांबला की शुद्ध हरपते.

उभं असण्याचं इथे फार मोल आहे. मेंदू हृदयाच्या वर सुमारे ३० सेंटिमीटर. एवढ्या उंचीवर रक्त चढवायला दाबातले २० पेक्षा थोडे जास्त आकडे खर्ची पडतात. वरचा आकडा १२० असताना ते जाणवतही नाही. तो ६० वर आला की मेंदूपर्यंत ४० सुद्धा पोचत नाही. माणूस आडवा झाला की हा खर्च वाचतो. म्हणून खाली पडणं हाच या चक्करेचा उपचार आहे आणि शरीर तो स्वतः करून घेतं. तुम्हाला उचलून जीपमध्ये बसवणाऱ्यांनी, बिचाऱ्यांनी चांगल्या मनाने, तोच उपचार काढून घेतला. दुसऱ्यांदा अंधार आला तो त्यामुळे.

तुमच्या ठाण्यात हे मोठ्याने वाचून दाखवलंत तरी चालेल : चक्कर आलेल्याला उताणं झोपवा, पाय फूटभर उंच करा, पट्टा आणि कॉलर सैल करा, उलटीसारखं वाटलं तर कुशीवर वळवा. तोंडात पाणी ओतू नका. कांदा आणि चप्पल यांनी काही होत नाही. तेवढ्या वेळात माणूस तसाही उठतो, आणि श्रेय कांद्याला जातं. शुद्धीवर आला तरी दहा मिनिटं आडवाच राहू द्या.

हात झटकण्याबद्दल : मेंदूला रक्त कमी पडलं की काही सेकंद हातपाय आचके देतात. ती बहुतेक वेळा फिट नसते. फिटमध्ये झटके साधारण एक-दोन मिनिटं चालतात, जीभ बाजूने चावली जाते, आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं माणूस गोंधळलेला असतो, आपण कुठे आहोत हे कळत नाही. तुम्हाला कांदा हुंगवल्याचं आणि जीपमध्ये बसवल्याचं सगळं आठवतं, म्हणजे भान लवकर आलं होतं.

हृदय कमजोर आहे का? पत्रावरून तसं वाटत नाही. तिन्ही वेळा रक्त किंवा सुई समोर होती, तिन्ही वेळा बहुधा तुम्ही उभे किंवा बसलेले होतात, आणि निदान या वेळी तरी आधी इशारा मिळाला. वडिलांनाही आहे, हेही ओळखीचं लक्षण. हा स्वभाव घराण्यात चालतो आणि शंभरातल्या तीन-चार माणसांत कमी-अधिक असतो. तरी एकदा एमडी डॉक्टरांकडून ईसीजी आणि झोपून-उभं राहून रक्तदाब तपासून घ्या, कारण तुमच्या हातात बंदूक आणि कधी गाडीचं स्टिअरिंग असतं. आणि एक फरक पक्का लक्षात ठेवा. पळताना, म्हणजे पळणं चालू असतानाच चक्कर आली, झोपलेलं असताना आली, काहीही इशारा न देता आली, आधी छातीत फडफड झाली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर ही गोष्ट वेगळी. मग या लेखातलं काही करत बसू नका, हृदयाच्या डॉक्टरांकडे जा.

हिमोग्लोबिनचं टॉनिक, ‘लो बीपी’ची गोळी, शांत करणारी गोळी : या तीन गोष्टी तुम्हाला कुणीतरी सुचवतीलच. पहिल्या दोघींची तुम्हाला गरज दिसत नाही. तिसरी तर अंग आणखी सैल करते.

सैल. या शब्दापाशी थोडं थांबते, कारण सगळी गडबड इथेच होते. चक्कर येऊ लागलेल्या माणसाला आपण काय सांगतो? ‘रिलॅक्स हो, अंग सैल सोड, दीर्घ श्वास घे.’ सापाच्या भीतीला हा सल्ला चालेल, तिथे दाब चढलेला असतो. तुमच्या बाबतीत दाब पडतोय, वाहिन्या आधीच सैल पडल्यात, आणि आपण आणखी सैल व्हायला सांगतोय. तुम्हाला याच्या बरोबर उलट करायला हवं. अंग आवळायला हवं.

स्वीडनमधल्या उप्साला इथे लार्स-योरान ओस्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात रक्त पाहून चक्कर येणाऱ्यांसाठी हीच पद्धत बसवली. स्नायू आवळले की त्यांच्यातल्या वाहिन्या बाहेरून दाबल्या जातात, साचलेलं रक्त हृदयाकडे ढकललं जातं आणि दाब वर येतो. लुईस यांच्या रुग्णात जो अर्धा भाग औषधाने सुटला नव्हता, तो इथे मांड्या-पोटऱ्यांनी सुटतो.

करायचं असं. खुर्चीत बसा. मांड्या, पोटऱ्या, ढुंगण, पोट आणि दंड एकाच वेळी घट्ट आवळा. दहा ते पंधरा सेकंद, चेहऱ्यावर किंचित ऊब चढल्यासारखी वाटेपर्यंत. मग सोडा, पण पूर्ण ढिले होऊ नका, नेहमीच्या बसण्याइतकेच या. वीस-तीस सेकंद थांबा. परत आवळा. असं पाच वेळा म्हणजे एक फेरी, आणि दिवसातून पाच फेऱ्या. पहिला आठवडा एवढंच करायचं, रक्ताचा विचारही नको.

यात तुमच्यासारखे जिम केलेले लोक हमखास एक चूक करतात, श्वास धरतात. वजन उचलताना कुंथतो तसं कुंथलं की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं आणि दाब उलट पडतो. आवळताना श्वास चालू हवा. खात्री करायची असेल तर हळू आवाजात आकडे मोजा, बोलता येतंय म्हणजे श्वास धरलेला नाही. डोकं दुखायला लागलं तर जोर थोडा कमी करा. घरी डिजिटल बीपी मशीन असेल तर खरंच चालतंय का तेही दिसेल : एक हात मशीनमध्ये सैल ठेवा आणि फक्त पाय आणि पोट आवळा. ज्या हाताला पट्टा आहे तो आवळलात तर मशीन चुकीचा आकडा देईल किंवा एरर दाखवेल. वरचा आकडा १० ते २० ने वर गेला की समजा जमलं.

दुसऱ्या आठवड्यापासून रक्त आणायचं. आधी मोबाइलवर जखमांचे फोटो, सात-आठ, सौम्यापासून सुरुवात. बसून बघा. बघताना स्वतःच्या अंगावर लक्ष ठेवा, आणि पहिली जांभई आली की आवळायला लागा. नजर वळवायची नाही. आवळत राहून बघत राहायचं, लक्षणं ओसरली की मग फोटो बंद करायचा. हा क्रम महत्त्वाचा. मळमळलं म्हणून फोन ठेवून दिला की शरीर शिकतं, पळालं की सुटका. लक्षणं ओसरेपर्यंत थांबलं की शिकतं, थांबूनही सुटका होते. जांभईला मी सुरुवातीला एवढा मान दिला तो यासाठी. ती तुमची पहिली घंटा आहे. प्रत्येकाची वेगळी असते. कुणाला मानेमागे गरम वाटतं, कुणाच्या कानात दडे बसतात, कुणाला एकदम संडासला जावंसं वाटतं. गार घाम फुटेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो, हातात दहा-पंधरा सेकंद उरतात. जांभईपासून आवळलंत तर बहुधा मिनिटभर मिळतं.

तिसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रियेचे व्हिडिओ, बसून, जवळ कुणीतरी असताना. चौथ्यात प्रत्यक्ष : ओळखीच्या लॅबमध्ये बोटाला टोचून साखर तपासून घ्या आणि तो थेंब नीट बघा. मग कुणाचं रक्त काढताना शेजारी बसा. स्वतःचं रक्त देताना सुईचा हात सैल ठेवून बाकीचं अंग आवळायचं, नाहीतर शीर सापडत नाही आणि दुखतंही. पोस्टमॉर्टेमची पाळी महिन्यावर आहे म्हणालात, म्हणजे चार आठवडे जेमतेम बसतात.

मी हे पुस्तकातून वाचून सांगतेय असं नाही. एमबीबीएसला असताना पहिल्यांदा ऑपरेशन थिएटरमध्ये पोट उघडलेलं पाहिलं आणि माझ्या तोंडाला असंच पाणी सुटलं. सर्जन वर न बघताच म्हणाले, ‘पडायचं असेल तर मागे पड, पेशंटवर नको.’ मी मागे पडले. त्या खोलीतल्या कुणालाच त्यात नवल वाटलं नाही.

आता त्या दिवसाचं. पीएम रूमला जाताना उपाशी जाऊ नका. पंधरा-वीस मिनिटं आधी अर्धा लिटर पाणी सावकाश पण एकदम संपवा. पाण्याने काही वेळ दाब थोडा वर राहतो, रक्तदान करणाऱ्यांनाही म्हणूनच आधी पाणी पाजतात. तिथे ‘सावधान’सारखे गुडघे ताठ करून उभे राहू नका. पायांचे स्नायू स्थिर राहिले की रक्त खाली साचतं. टाचा वरखाली करत राहा, भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्या, किंवा पाय एकमेकांवर आडवे घेऊन मांड्या आवळा. तुमचं काम कागदपत्रं देणं, बॉडीची ओळख आणि नंतर सीलबंद बाटल्या ताब्यात घेणं. पहिल्या खेपेला टेबलाशेजारी उभं राहण्याची गरज नसेल तर दारापाशी थांबा. यात लपवण्यासारखं काही नाही, पायरी-पायरीने चढायचं एवढंच.

आणि तरी जांभया सुरू झाल्या, आवळूनही मळमळ वाढतेच आहे असं वाटलं, तर खाली बसा, उकिडवे, दोन्ही गुडघे छातीशी. उकिडवं बसल्याने पायांतलं आणि पोटातलं रक्त एका झटक्यात हृदयाकडे येतं. उभ्याउभ्या जे काही करता येतं, त्यापेक्षा हे जास्त जोरकस. चार लोकांत लाज वाटते ना? बुटाची लेस बांधायला बसा. लेस बांधायला खाली बसलेल्या पोलिसाकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. उठताना मात्र घाई नको. आधी मांड्या आवळा, आवळलेल्याच ठेवून उभे राहा, नाहीतर लेस पुन्हा बांधायची वेळ येते.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगते. ज्यांना इशाराच मिळत नाही, दिसलं की दोन-तीन सेकंदांत आडवे होतात, त्यांना आवळायला वेळ सापडत नाही. ज्यांची नाडीच फार मंदावते त्यांना फायदा कमी होतो. आणि जमल्यावर सराव सोडला तर वर्ष-दोन वर्षांनी उन्हात, उपाशी, झोप नसताना एखादा प्रसंग परत गाठू शकतो. तुमचा एप्रिलचा दिवस तसाच होता असं मला वाटतं. महामार्गावरचं ऊन, घाम गाळून अंगातलं कमी झालेलं पाणी, आणि पंचनामा होईपर्यंत ताटकळत उभं राहणं. थंडीत, पोटभर जेवून तेच रक्त पाहिलं असतं तर कदाचित जांभयांवर निभावलं असतं. महिनाभर स्वतः करूनही काहीच हलत नसेल, तर ही पद्धत येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मूळ उपचार पाच बैठकांचा होता, वर्षभर चालणारा नव्हता.

नोकरी बदलण्याचा किंवा वायरलेसला, रेकॉर्डला बदली मागण्याचा विचार हे चार आठवडे झाल्यावर करा, त्याआधी नको. आत्ता मागितलेली बदली म्हणजे फोटो बघून फोन बाजूला ठेवण्यासारखंच आहे. लपवून ठेवणं हाही मार्ग मला पटत नाही, कारण तुम्ही एकटे असताना पडलात तर डोकं फुटू शकतं. त्या दिवशी बरोबर असलेल्या हवालदारसाहेबांना एकट्याला गाठून सांगा : ‘मला रक्त पाहून दाब पडण्याचा त्रास आहे, उपचार चालू आहे, मी खाली बसलो तर उचलू नका.’ एवढं एक वाक्य पुरे. जुन्या हवालदारांनी असे बरेच नवे शिपाई पाहिलेले असतात.

आणि वडिलांचं. त्यांना दाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या सुरू असतील तर त्यांना चक्कर येण्याची शक्यता तुमच्यापेक्षा जास्त आहे, कारण त्यांतल्या बऱ्याच गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात. पुढच्या वेळी त्यांचं रक्त तपासायला न्याल तेव्हा लॅबवाल्याला आधीच सांगा, खुर्चीत नको, झोपवून काढा, आणि सुई काढल्यावर दहा मिनिटं उठू देऊ नका.